तीन चेंडू, अठ्ठेचाळीस मुलं आणि चिऱ्यांचं अंगण

"सर, मी डिचोली तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये यंदाच शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून लागले. शाळा बाजारात आहे, मैदान नाही. समोर चिरे घातलेलं अंगण आहे, ते मी टेपने मोजलं: १४ बाय ९ मीटर. त्याला लागून दोन मीटर रुंद व्हरांडा. सहावीच्या वर्गात ४८ मुलं, तासिका ४० मिनिटांची आणि फुटबॉल तीन, त्यातला एक हवा धरत नाही. मी तीन रांगा लावते. पुढचं मूल खेळतं, मागची ढकलाढकली करतात, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. तासाची आखणी करायची तरी कशी?"
– एक शिक्षिका

टीचर,

तुम्ही अंगण टेपने मोजलंत हे फार बरं केलंत, कारण आखणी त्या आकड्यांवरच करायची आहे. मी फोंडा तालुक्यात शारीरिक शिक्षण शिकवण्यात नोकरी काढली. त्यातली पहिली सहा वर्षं मीही रांगाच लावत होतो. त्या का सोडल्या ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं पटेल.

एकदा पायाला प्लास्टर घातलेला एक मुलगा तासाला बाजूला बसला होता. त्याला माझं घड्याळ दिलं आणि रांगेतल्या एका मुलीवर नजर ठेवायला सांगितलं: तिच्या पायाला चेंडू किती वेळा लागतो ते वहीत मांड. वीस मिनिटांनी त्याने वही दाखवली. तिच्या नावापुढे दोनच रेघा होत्या. मला वाटलं, पोरगा मोजायला चुकला. पुढच्या तासाला मी स्वतः पाहिलं. तिचा नंबर जवळ आला की ती मागच्याला हळूच "तू जा" म्हणायची आणि पुन्हा शेवटी जाऊन उभी राहायची. ती धडपडली की सगळी रांग बघते, याची तिला धास्ती होती. रांग पुढे सरकत होती, म्हणून मला तास चांगला चाललाय असं वाटत होतं. वर्षभर ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर उभी होती आणि मला दिसली नव्हती.

आता तुमच्या वर्गाचा हिशोब करू. समजा, चेंडू पायाने घोळवत खडूच्या खुणेला वळसा घालायचा आणि परत यायचं, याला एका मुलाला ८ सेकंद लागतात. तिन्ही चेंडू चालू आहेत असं धरा. १६ जणांच्या रांगेत एक फेरी पूर्ण व्हायला १२८ सेकंद लागतात, म्हणजे २० मिनिटांत प्रत्येकाला नऊ-साडेनऊ वेळा चेंडू मिळतो. त्या २० मिनिटांतलं त्याचं खेळणं जेमतेम सव्वा मिनिटाचं, उरलेला वेळ तो उभा.

आता वर्गाचे १२-१२ चे चार गट करा आणि तिन्ही चेंडू एका वेळी एकाच गटाला द्या. एका चेंडूमागे चार मुलं आली, फेरी ३२ सेकंदांची झाली. तो गट चेंडूवर फक्त ५ मिनिटं राहिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला तेवढेच नऊ-साडेनऊ वेळा चेंडू येतो. चेंडू एका वेळी एकाच्याच पायात असणार, त्यामुळे २० मिनिटांत तो जितक्या पायांना लागायचा तितक्याच पायांना लागतो. म्हणजे मुलाचा चेंडूचा वाटा जराही कमी होत नाही आणि त्याची १५ मिनिटं मोकळी होतात. ती भरायची कशाने, एवढाच प्रश्न उरतो. त्यासाठी बाकीच्या तीन गटांना तीन वेगळ्या जागी दोरीउड्या, पिशव्या झेलणं आणि भिंतीजवळचे व्यायाम द्या आणि पाच-पाच मिनिटांनी जागा बदला.

दुसरा फायदा सामानाचा. दोरीउड्यांच्या जागी एका वेळी १२ च मुलं असणार, जोडीत एक उडी मारणार आणि दुसरा मोजणार, म्हणजे दोऱ्या सहा पुरतात. अठ्ठेचाळीस दोऱ्यांचा अर्ज करून वाट बघत बसायची गरज नाही. नायलॉनची साधी दोरी घ्या. सुंभाची घेऊ नका, ती पोटरीला लागली की वळ उठतो. दोरीच्या मध्यावर दोन्ही पाय ठेवून उभं राहिल्यावर टोकं काखेपर्यंत आली पाहिजेत. सहावीत उंचीचा फरक खूप असतो, म्हणून चार मध्यम आणि दोन लांब करा.

तिसऱ्या जागेसाठी चिंचोक्यांच्या पिशव्या शिवून घ्या. जुन्या गणवेशाच्या पँटचं जाड कापड, १२ सेंटिमीटरचा चौकोन, कडेला दुहेरी शिवण आणि आत साधारण १०० ग्रॅम चिंचोके. पिशवी गच्च भरू नका, हातात घेतली की लोळली पाहिजे, तरच ती झेलताना बोटांत बसते. तांदूळ घालू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला बुरशी लागते नाहीतर पोरकिडे होतात. चिंचोके उन्हात वाळवून घातले तर पुढच्या वर्षीही चालतात. अशा बारा पिशव्या पुरे. अशा अंगणात पिशवीचा मोठा गुण म्हणजे ती पडली तिथेच राहते. ती उसळत नाही, रस्त्यावर पळत नाही आणि शेजारच्या वर्गाला तिचा आवाजही ऐकू जात नाही.

चौथी जागा व्हरांड्यात, तिथे काहीच सामान लागत नाही. बारा मुलं भिंतीकडे तोंड करून एका ओळीत उभी केली तर १४ मीटरमध्ये प्रत्येकाला मीटरभराहून जास्त जागा मिळते. भिंतीवर हात टेकून जोर, अर्ध्या बैठका, एका पायावर तोल सांभाळणं, पायरी असेल तर तिच्यावर चढ-उतर. व्हरांड्यात पळणं मात्र कधीही नाही. खांब आणि पळणारं मूल यांची गाठ पडली की काय होतं, ते मी एका शाळेत पाहिलं आहे. कपाळावर चार टाके पडले होते.

आता अंगण आखू. १४ मीटरच्या लांबीचे तीन पट्टे करा, प्रत्येक साधारण ४.७ बाय ९ मीटरचा. कुठला पट्टा कोणाच्या शेजारी, यावर सुरक्षितता ठरते. रस्त्यापासून लांबच्या टोकाला, भिंतीजवळ चेंडू. मधल्या पट्ट्यात पिशव्या. दुसऱ्या टोकाला दोऱ्या. चेंडू आणि दोऱ्या शेजारी आल्या की निसटलेला चेंडू उडी मारणाऱ्याच्या पायाखाली जातो आणि घोटा मुरगळतो. मध्ये पिशव्या असल्या की चेंडू आला तरी पायाने थोपवता येतो. शिवाय चेंडूच्या पट्ट्याच्या सीमेवर वर्गातले दोन बाक आडवे करून ठेवा, बराचसा त्रास तिथेच संपतो.

चेंडूच्या पट्ट्यात तीन-तीन मीटर रुंदीच्या तीन वाटा होतील. मुलं बाकांच्या बाजूने निघतील आणि भिंतीकडे जातील. वळशाची खूण ३ मीटरवर करा, म्हणजे भिंत आणखी दीड मीटरच्या वर लांब राहते. ही मोकळी जागा कधीही वापरायची नाही. मूल वेगात असतं तेव्हा खुणेवर थांबत नाही, खुणेच्या पुढे जाऊन थांबतं. हे अंतर सोडलं नाही तर मनगटं आणि दात धोक्यात येतात. खुणा खडूने किंवा चुन्याने करा. नारळाच्या करवंट्या ठेवण्याचा मोह होतो, मीही ठेवल्या होत्या, पण करवंटीवर पाय पडला की ती सरकते.

चेंडूत हवा थोडी कमी ठेवा, अंगठ्याने दाबल्यावर जराशी आत जाईल इतपत. कमी उसळणारा चेंडू लहान जागेत पायात राहतो. फुटसाल हा खेळ याच गरजेतून आला. १९३० साली उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरिआनी या शिक्षकाने बंदिस्त जागेत खेळता येईल असा फुटबॉल बसवला. आजही फुटसालचा चेंडू दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला ५० ते ६५ सेंटिमीटरच वर यावा असा नियम आहे. पुढच्या वर्षी शाळेने चेंडू घ्यायचे ठरवले तर फुटसालचेच मागा.

हवा धरत नसलेला चेंडू फेकू नका. आधी फुगवून पाण्याच्या बादलीत दाबून धरा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. व्हॉल्व्हमधून येत असतील तर बहुतेक वेळा कोरडी सुई घातल्याने आतलं रबर फाटलेलं असतं. सुई नेहमी ओली करून घालायची, ग्लिसरीनचा थेंब लावला तर आणखी चांगलं. बुडबुडे शिवणीतून येत असतील तर आतला ब्लॅडर गेला. मग एक शिवण उसवा, ब्लॅडर काढा, चिंध्या भरा आणि पुन्हा शिवा. असा चेंडू जड होतो, तो पायाने मारू देऊ नका, बोटं दुखावतात. हाताने घरंगळत सोडायला आणि थांबवायला तो उत्तम. मग चेंडूच्या पट्ट्यात दोन वाटा पायाच्या आणि एक हाताची ठेवा आणि पाच मिनिटांचे तीन सारखे भाग करून, म्हणजे दर १०० सेकंदांनी, वाटा बदला. पायाचा चेंडू सगळ्यांना थोडा कमी मिळेल, पण सारखा मिळेल.

४० मिनिटं अशी जातात. वर्गातून येऊन आपापल्या गटात उभं राहायला ४ मिनिटं. जागच्या जागी अंग मोकळं करायला ५. चार जागा प्रत्येकी ५ मिनिटं आणि मधले तीन बदल अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे, म्हणजे साधारण २२. मग लंगडीला ५ आणि पाणी पिऊन वर्गात जायला ४.

यात सगळ्यात आधी कोसळतो तो बदल. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटाच्या ठिकाणी दोन-अडीच मिनिटं जातील आणि तुम्हाला वाटेल, याच्यापेक्षा रांगा बऱ्या होत्या. म्हणून पहिल्या आठवड्याच्या दोन्ही तासिका चेंडू न काढता फक्त बदल शिकवा. गट महिनाभर तेच ठेवा. सगळे गट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकच जागा पुढे जातात, आधी सामान जमिनीवर ठेवतात आणि मग चालत निघतात. सामान हातात घेऊन कोणी निघालं तर पुढच्या गटाला ते मिळत नाही आणि भांडण तिथेच सुरू होतं. शिट्टी वाजवू नका, शेजारच्या वर्गाच्या निम्म्या तक्रारी शिट्टीच्या असतात. तुम्ही हात वर केलात की ज्याला दिसला त्याने हात वर करायचा. आठवडाभरात दहा सेकंदांत सगळे हात वर जातात.

दुसरी चूक आपली असते. आपण चेंडूपाशी अडकतो आणि बाकी तीन गटांकडे पाठ होते. हे टाळायचं तर एका तासाला एकच गोष्ट नवी ठेवा, उरलेल्या तीन जागी मुलांना आधीच येणारं काम द्या. या महिन्यात चेंडू नवा असेल तर दोऱ्या, पिशव्या, व्हरांडा सगळं ओळखीचं. पुढच्या महिन्यात पिशव्यांचं काही नवीन, तेव्हा चेंडूचं काम जुनं. तुम्ही उभं राहायचं ते भिंतीला पाठ लावून, चेंडूच्या पट्ट्याच्या अशा कोपऱ्यात जिथून व्हरांडाही दिसतो.

जुनं काम कंटाळवाणं होऊ नये म्हणून ते थोडं थोडं अवघड करत जा. पिशव्या आधी ३ मीटरवरून दोन्ही हातांनी खालून टाकायच्या आणि झेलायच्या. ते दहापैकी आठ वेळा जमलं की एका हाताने. मग डाव्या हाताने, मग टाकल्यावर एक टाळी वाजवून झेलायची. दहापैकी आठ हा हिशोब जोडीनेच ठेवायचा, तुम्हाला विचारत यायचं नाही. जी जोडी पुढे गेली ती गेली, तिने दुसरीसाठी थांबायचं नाही. माझी ती "तू जा" म्हणणारी मुलगी पिशव्यांवर सगळ्यात आधी डाव्या हातापर्यंत पोचली. तिथे तिच्याकडे बघायला एकच जण होता आणि तोही झेलण्यात गुंतलेला.

शेवटच्या पाच मिनिटांत लंगडी घ्या, पण नेहमीची नको. नेहमीच्या लंगडीत एकजण लंगडतो आणि बाकीचे पळतात. इतक्या जागेत ४८ मुलं पळाली तर डोक्याला डोकं आपटणार. एका पट्ट्यात १६ मुलं ठेवा आणि सगळ्यांनाच लंगडू द्या. वेग आपोआप उतरतो, दम मात्र चांगला लागतो. अर्ध्या मिनिटाने पाय बदला. बाद झालेल्याला बाहेर बसवू नका, त्याने पट्ट्याच्या कडेला पाच उड्या मारायच्या आणि परत यायचं. बाद होऊन बसायचा खेळ घेतला की जे मूल आधीच कमी हलतं तेच पहिल्या मिनिटात बाद होतं आणि उरलेला वेळ बसून काढतं.

तुमची आखणी चालतेय की नाही हे कसं कळणार? मुलं खूश दिसली यावर जाऊ नका, मी सहा वर्षं त्यावरच गेलो. दर पंधरवड्याला तीन मुलं मनात धरा: एक चपळ, एक मधलं, एक मागे राहणारं. त्या दिवशी ज्याला खेळता येत नाही अशा मुलाला घड्याळ द्या आणि ती तिघं किती वेळ नुसती उभी असतात ते लिहून घ्या. तासाचा निम्मा वेळ तरी अंग हलतं असावं हा शारीरिक शिक्षणात सगळीकडे धरलेला हिशोब आहे. तुमच्या ४० मिनिटांतली २० झाली. मागे राहणाऱ्या मुलाची २० भरली तर आखणी बरोबर. चपळ मुलाची भरून काही कळत नाही, ते रांगेतही हलतच असतं.

पावसाचं सांगतो. जून ते सप्टेंबर अंगण हातचं गेलं असं समजा. पाऊस थांबला तरी चिऱ्यांवर शेवाळ असतं आणि ते हिरवं दिसायच्या आधीच निसरडं होतं. बुटाची टाच चिऱ्यावर घासून बघा. सरकली तर त्या दिवशी अंगणात कोणी जायचं नाही. ब्लीचिंग पावडर टाकून ताठ झाडूने घासून घ्या, पण मुलं नसताना, आणि भरपूर पाण्याने धुऊन. पावसाच्या दिवसांत दोन गट व्हरांड्यात घ्या, दोन वर्गात बाकांशेजारी उभे, आणि दहा मिनिटांनी अदलाबदल. वर्गाच्या दारात तुम्ही उभ्या, म्हणजे दोन्हीकडे लक्ष राहतं. पिशव्या वर्गातही चालतात, बसल्या जागी उडवून झेलता येतात. चेंडू या चार महिन्यांत कपाटात.

या सगळ्यातून काय मिळणार नाही तेही सांगतो. लांब किक, पूर्ण वेगाची धाव, मैदानावर जागा धरून खेळणं हे १४ बाय ९ मध्ये शिकवता येत नाही, तसा प्रयत्नही करू नका. त्यासाठी महिन्यातून एकदा बाहेर पडावं लागेल. मुख्याध्यापकांकडे दोन तासिका जोडून मागा. दोन तासिकांतला जायचा-यायचा वेळ वजा करून तासभर उरेल एवढ्याच अंतरावरची जागा बघा. सरदाची कापणी झाली की आपल्याकडच्या शेतांत पोरं फुटबॉल खेळतातच, शाळेनेही तसंच शेत मागायला हरकत नाही. बांधाजवळच्या खाचा, उंदरांची बिळं आणि कापलेल्या धसांची टोकं आदल्या दिवशी स्वतः चालून पाहा, मुलांना बूट घालूनच न्या. आणि मालकाकडे जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच करा की यंदा तिथे वायंगण लावणार आहात का. लावणार असतील तर दुसरं शेत बघा, तरव्यात मुलांचे पाय पडले तर पुढच्या वर्षी तुम्हाला कोणी शेत देणार नाही.